बंद न होणारी शिकवणी

माझ्या मोठ्या भावाला आमच्या लालबागच्या चाळीत सगळे बुवा म्हणतात. मी दादा म्हणतो. दत्तजयंतीला चाळीच्या पटांगणातल्या देवळासमोर भजन होतं, ते गेली कित्येक वर्षं दादा सांगतो आणि मी त्याच्या मागे बसून टाळ वाजवतो. टाळ वाजवायला गळा लागत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. लहानपणी एकदा मी मध्येच सूर लावला होता. तेव्हा वडिलांनी पेटी थांबवून वळून बघितलं आणि नुसतं "टाळ," एवढंच म्हणाले. ते गिरणीतल्या आवाजात चाळीस वर्षं काम केलेले गृहस्थ. त्यांचा कान निम्मा गेलेला होता. तरी त्यांना माझा सूर खटकला, यावरून काय ते समजा.

गेल्या वर्षाच्या आधीच्या दत्तजयंतीला दादाचा गजर मध्येच तुटला. वरच्या सुरावर जायचं आणि तिथे थांबून राहायचं, ही त्याची खासियत. लोक त्या जागेची वाट बघतात. तो वर गेला आणि श्वास संपला. खोकल्यासारखं करून तो खाली आला, पखवाजवाल्याने वेळ मारून नेली आणि पाळणा झाला. सुंठवडा वाटताना मी दुसरीकडेच बघत होतो.

आता हे लिहायला मला वर्ष लागलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. तो तुटला तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. अगदी क्षणभर. मग वाईट वाटलंच, भरपूर वाटलं, पण आधी काय वाटलं ते मला माहीत आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी फोनमध्ये गाणं शिकवणारं एक अ‍ॅप घेतलं.

अ‍ॅपमधली बाई सूर देते, आपण तो लावायचा. सूर बरोबर लागला तर पडद्यावर हिरवी रेघ जाते आणि चुकला तर लाल. पहिले दोन पाठ फुकट होते. तिसऱ्यापासून महिन्याचं सबस्क्रिप्शन. मी बटण दाबलं, खालून फोनच्या स्टोअरचं पान वर आलं, त्याने यूपीआय मागितलं, मी दिलं. त्या पानावर वरच्या बाजूला एक ईमेल दिसत होता. आमच्या घराचा ईमेल. माझ्या मनात काहीही आलं नाही. घरचाच तो, म्हटलं.

हा घराचा ईमेल म्हणजे काय, ते सांगायला हवं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायचे होते, तेव्हा दादाने परळच्या एका सायबर कॅफेत बसून तो उघडला होता. एका घराला एक रेशनकार्ड, तसा एक ईमेल, असा त्या वेळी आमचा सरळ हिशेब होता. पुढे गॅस, वीज, विमा, चाळीच्या पुनर्विकासाच्या नोटिसा, सगळं त्यावरच यायला लागलं. मी लग्नानंतर दादरला राहायला आलो, तरी ईमेल तोच राहिला. पासवर्ड दादाकडे. मधल्या काळात त्याने नवा फोन घेतला आणि जुना मला दिला, तेव्हा तो मेल त्यात तसाच होता. "राहू दे, कशाला काढतोस," म्हणाला. मी राहू दिला. तो मेल मी कधी उघडून वाचला नाही. वाचायचं काम दादाचं आणि वहिनीचं, असंच मी धरून चाललो होतो.

तर माझी शिकवणी सुरू झाली. मी माझगावला गोदीजवळच्या एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचं काम करतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गच्चीवर जायचो आणि पाण्याच्या टाकीमागे उभा राहून सा लावायचो. गोदीतलं एखादं जहाज भोंगा द्यायचं आणि अ‍ॅप तो भोंगाच माझा सूर समजायचं. एकदा तर भोंग्याला हिरवी रेघ मिळाली. मला त्या आठवड्यात एकही मिळाली नव्हती.

पण माणूस रोज करेल तर दगडालाही काहीतरी येतं. पावसाळा संपेपर्यंत मी नवव्या पाठावर होतो. हिरव्या रेघा लांब व्हायला लागल्या होत्या. गच्चीवर कपडे वाळत घालायला येणारी खालच्या मजल्यावरची एक बाई मला म्हणाली, "काका, पहिल्यापेक्षा बराच कमी त्रास होतो आता." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही आनंदाने.

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. सांगायचं काय? की दादाचा श्वास कमी पडतोय, म्हणून मी त्याच्या जागेसाठी तयारी करतोय? मनातल्या मनात मी त्याला "मदत" म्हणत होतो. तो शब्द मला स्वतःलाही नीट पटत नव्हता.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला आम्ही लालबागला गेलो. आमची बहीण आली होती, फराळ चालला होता. दादा चकलीचा तुकडा मोडत सगळ्यांना म्हणाला, "यंदा दत्तजयंतीला काळजी नको हां. गजर मीच घेणार. यंदा तुटणार नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू मागे आहेस ना रे?"

"आहे की," मी म्हणालो.

घरी येताना एकच विचार. माणूस साठीला टेकलेला, अजून जिद्दीने उभा राहतोय आणि मी मागे बसून त्याच्या तुटण्याची तालीम करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते अ‍ॅप बोट दाबून धरून फोनवरून उडवलं. पडद्यावरचं चित्र नाहीसं झालं. हलकं वाटलं. प्रकरण संपलं.

शिवाय पुढच्या आठवड्यात बायकोने दिवाळीच्या सवलतीत मला नवा फोन घेतला आणि दादाचा जुना फोन दुकानात बदल्यात दिला. दुकानदाराने आमच्यासमोर तो पार पुसून काढला. नव्या फोनमध्ये ऑफिसातल्या एकाने माझ्या नावाचा वेगळा ईमेल उघडून दिला. म्हणजे आता ना अ‍ॅप, ना तो फोन, ना तो मेल. गुन्ह्याचं हत्यारसुद्धा घरात उरलं नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी बँकेचा मेसेज आला. उद्या तुमच्या खात्यातून अमुक रक्कम सबस्क्रिप्शनपोटी आपोआप जाणार आहे. मेसेज बायकोने आधी वाचला, कारण मी आमटी ढवळत होतो.

"अहो, हे कसलं?"

"चुकून आलं असेल."

"बँकेला तुमचंच नाव बरं चुकून सुचलं." तिने चष्मा लावला. "खाली कुठल्याशा गाण्याच्या अ‍ॅपचं नाव आहे. कोण गातंय?"

मी गॅस बंद केला आणि सांगितलं. सगळं नाही, अ‍ॅपपुरतं.

"म्हणजे तो शर्टाला गच्चीवरचा चुना लागायचा, तो यामुळे होय! मला वाटायचं, कुणीतरी आहे."

"कुणीतरी म्हणजे?"

"आता काय सांगू. असती तरी मला समजलं असतं. पण तुम्ही आणि गाणं?" आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

हसून झाल्यावर तिने कामाला हात घातला. आधी विचारलं, "बंद केलंत म्हणजे नक्की काय केलंत?" अ‍ॅप काढून टाकलं, असं मी सांगितलं. फोनही देऊन टाकला, तेही सांगितलं. जणू तो जास्तीचा पुरावा होता.

"घरातला टीव्ही विकला म्हणून केबलवाला पैसे घ्यायचा थांबतो का?" ती म्हणाली. "मला दाखवा ती साइट."

मी अ‍ॅपवाल्यांची वेबसाइट उघडली. माझा मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, आत गेलो. माझं नाव, माझा नववा पाठ, सगळं होतं. सबस्क्रिप्शन चालू असल्याचंही लिहिलेलं होतं. पण रद्द करायचं बटण कुठेच नव्हतं. त्या जागी एक ओळ होती: हे सबस्क्रिप्शन तुमच्या फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेलं आहे, ते तिथूनच रद्द करावं.

बरं, म्हणून आम्ही माझ्या नव्या फोनवरचं स्टोअर उघडलं. आपल्या नावाच्या गोलावर दाबलं, सबस्क्रिप्शनच्या पानावर गेलो. तिथे पान रिकामं. तुमच्याकडे कोणतंही सबस्क्रिप्शन नाही.

"हे म्हणतात त्यांच्याकडे, ते म्हणतात आमच्याकडे नाही," बायको म्हणाली. "आणि पैसे मात्र उद्या जाणार. कुठून ओढून आणलंत हे?"

अ‍ॅपवाल्यांचा मदतीचा नंबर साइटवर होता. मी फोन लावला, बायकोने स्पीकर चालू केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"हो सर, तुमचं सबस्क्रिप्शन मला इथे चालू दिसतंय. पण ते तुम्ही आमच्याकडून थेट घेतलेलं नाही."

"अहो, अ‍ॅप तुमचंच ना?"

"अ‍ॅप आमचंच, सर. पण विक्री स्टोअरने केली, पैसे स्टोअर घेतं. तुम्ही आमच्या साइटवरून घेतलं असतं, तर त्या पानावर रद्द करायचं बटण दिसलं असतं. स्टोअरमधून घेतलेलं आम्हाला इथून बंद करता येत नाही."

"मग तुम्ही स्टोअरला सांगा."

"तेही आम्हाला करता येत नाही, सर. तुम्हालाच करावं लागेल."

बायको मध्येच म्हणाली, "कळलं मला. परळच्या एजंटकडून मालवणच्या बसचं तिकीट काढायचं आणि रद्द करायला बसच्या ड्रायव्हरकडे जायचं, तसं चाललंय आपलं." मुलगी पलीकडे हसली. "बरोबर, मॅडम."

"पण बाई, एजंटही म्हणतोय की याच्या नावावर तिकीट नाही."

"मॅडम, सबस्क्रिप्शन फोनवर नसतं. ज्या ईमेलच्या खात्याने स्टोअरमधून घेतलं, त्या खात्यावर असतं. फोन बदलला तरी ते तिथेच राहतं. घेताना सरांच्या फोनमध्ये दुसरा ईमेल होता का?"

मला ते खालून वर आलेलं पान दिसत होतं आणि त्याच्या वरच्या बाजूचा घराचा ईमेल.

"तुम्ही यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपे थांबवू शकता," मुलगी सांगत होती, "म्हणजे पैसे जाणार नाहीत. पण मग पेमेंट झालं नाही, असा मेल स्टोअरकडून त्या ईमेलवर जाईल. तशा दर महिन्याच्या पावत्याही तिथेच जात असतात, सर."

बायकोने ऑटोपेचं पान उघडलंही होतं. स्टोअरच्या नावाची ती परवानगी समोर होती, थांबवा म्हणून बटण होतं. "दाबू?"

"नको!" मी एवढ्या जोरात ओरडलो की सूर अगदी वरचा लागला असणार. मदतीची मुलगी पण दचकली असावी.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं? भूत बघितल्यासारखे बसलात."

"दर महिन्याला पावती जाते," मी म्हणालो. "दादाच्या मेलवर."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

आता ती हसली नाही. मग मी तिला उरलेलं सगळं सांगितलं. गजर तुटला तेव्हा काय वाटलं, तेही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे भाऊबीजेला ते 'तू मागे आहेस ना' म्हणाले, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं."

हा विचार माझ्या मनात अजून आला नव्हता. तो तिने आयता आणून दिला.

मी त्या दिवशी लालबागला जायला हवं होतं. बंद करायचं तर पैसे जायच्या आधी दादाला गाठायला हवं होतं, ते मला कळत होतं. लालबाग आणि दादर यांत आहे काय अंतर? पण मी गेलो नाही. आज डोकं दुखतंय म्हणालो. दुसऱ्या दिवशी पैसे गेले. म्हणजे आणखी एक महिना सुरू झाला आणि आणखी एक पावती दादाकडे पोचली. हा माझा स्वभाव आहे. गोष्ट टाळता टाळता तिला आणखी एक मजला चढवून ठेवायचा.

रविवारी दुपारी बायकोने माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि म्हणाली, "जा. वहिनींना द्यायचाय." चिवडा निमित्त होता, हे चिवड्यालाही कळत होतं.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दादाची खोली. दार उघडंच असतं. दादा पेटीचा भाता फडक्याने पुसत बसला होता. त्याने वर न बघता म्हटलं, "ये. पावती आली परवा. म्हटलं, आता येईलच हा."

मी उंबऱ्यावरच थांबलो.

आतून वहिनी हात पुसत आल्या. मालवणी त्यांनी मुंबईत पस्तीस वर्षं काढूनही सोडलेली नाही. "आत ये मरे. उंबऱ्यार काय उभो? आणि तुका वाटला आमका कळूचा नाय? पयली पावती मीच बघितलंय. गॅसची बघूक गेलंय नि ही गाण्याची. मी ह्यांका विचारलंय, बुवा, ह्या वयात तुमका कोण शिकवता? तर म्हणतत, माझी नाय. मगे कोणाची? तुझी!" एवढं बोलून त्यांनी डबा घेतला, वास घेऊन बघितला आणि आत गेल्या.

दादा म्हणाला, "बस."

मी बसलो. चिवडा देऊन झाला होता, आता हातात काही नव्हतं.

"मी ते बंद करायला आलोय," मी म्हणालो. "माझ्याकडून होत नाहीये. त्यांच्या साइटवरून होत नाही, माझ्या फोनवरून होत नाही. तुझ्या मेलवरून घेतलं गेलं, म्हणून तुझ्याच फोनवरून होईल."

"ते होईल." त्याने फडकं बाजूला ठेवलं. "आधी सांग, माझी जागा घ्यायला शिकत होतास?"

सरळच विचारलं त्याने. आमच्या घरात असं सरळ कुणी विचारत नाही. मी वर्षभर या प्रश्नाची उत्तरं तयार केली होती, मदत, छंद, श्वासाचा व्यायाम. एकही आठवलं नाही.

"हो," मी म्हणालो. "आणि दादा, तुझा गजर तुटला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आधी बरं वाटलं. मग वाईट वाटलं."

बाहेर गॅलरीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. दादा पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिला, आवाज न करता.

"किती बरं?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"थोडं की बरंच?"

"थोडं."

"मला बरंच वाटलं होतं," तो म्हणाला. "वर जातानाच माहीत होतं की आता काही होत नाही. दोन वर्षं झाली होती मला ते कळून. पण लोक वाट बघतात ना त्या जागेची. थांबायचं कसं? तुटलं तेव्हा म्हटलं, सुटलो. मग सुंठवडा वाटताना तू माझ्याकडे बघेनास. ते मात्र मला लागलं. गाढवा, तू बघायला हवं होतंस."

मी म्हणालो, "मग भाऊबीजेला यंदा गजर मीच घेणार, असं का म्हणालास?"

"तू काय करतोस ते बघायला. बोलशील म्हटलं, की दादा, मीपण घेतो. तर तू म्हणतोस, 'आहे की.' आणि परत चकली खायला लागलास."

आतून वहिनींचा आवाज आला, "चार खाल्ल्यान."

दादाने खिशातून फोन काढला आणि माझ्याजवळ सरकला. स्टोअर उघडलं, सबस्क्रिप्शनचं पान काढलं. तिथे माझी शिकवणी एकटीच होती. माझ्या फोनवर रिकामं दिसणारं पान, ते इथे भरलेलं. खाली रद्द करायचं बटण.

"हे तुझं," तो म्हणाला. "इथून होतं. माझं इथून होत नाही."

"तुझं काय?"

तो जरा ओशाळला. साठीला टेकलेला बुवा ओशाळतो कसा, ते मी पहिल्यांदा बघितलं. "म्हटलं, हा काय एवढं शिकतोय ते बघू तरी. ते श्वासाचे पाठ आहेत ना त्यात. मी घेतलं एप्रिलात. पण त्यांच्या साइटवर जाऊन थेट घेतलं, वर्षाचं. आपल्या भजनी मंडळाच्या मेलवर."

"साइटवरून का?"

त्याने स्वयंपाकघराकडे मान केली आणि आवाज खाली आणला. "स्टोअरमधून घेतलं असतं, तर त्याचीही पावती घराच्या मेलवर आली असती. ही बघते. हिच्यासमोर मी बुवा आहे रे, पंचवीस-तीस वर्षं."

"माका ठावक आसा," वहिनी आतून म्हणाल्या. "मंडळाचो मेल पण मीच बघतंय. खजिनदार मी आसंय."

दादा माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. मग दोघेही हसायला लागलो. वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हा दोघांनाही श्वास पुरत नव्हता.

"कितव्या पाठावर आहेस?" मी विचारलं.

"चौथ्या."

"एप्रिलपासून चौथ्या?"

"ती बाई वर जाऊच देत नाही. श्वास पुरला नाही की लाल. पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा. आयुष्यात मला असं कुणी बोललं नव्हतं. तू?"

"नवव्या," मी म्हणालो. सांगताना लाज वाटली आणि लपवायलाही जमलं नाही.

"नवव्या!" त्याने पेटी पुढे ओढली. "ऐकव मग. गजरातली वरची जागा."

मी ऐकवली. वर्षभर गच्चीवर जे केलं होतं, ते माझ्या वडिलांच्या पेटीवर, दादाच्या समोर, दार उघडं असताना. वर गेलो आणि तिथे थांबलो. आवाज थोडा थरथरला. गॅलरीतून जाणारा शेजारी दारात थबकला आणि "बुवा आज बरे नाहीत काय?" असं विचारून गेला.

"बाईंनी हिरवी रेघ दिली असती," दादा म्हणाला. "मी लाल देतो. सूर बरोबर आहे, पण तू तो घाबरत घाबरत लावतोस, कुणाच्या घरात चोरून शिरल्यासारखा. पुन्हा."

मी तीनदा लावला. तिसऱ्यांदा त्याने पट्टी एक सूर खाली आणली आणि म्हणाला, "खालचं मी धरतो. वर जायचं, ते तू जा. मग परत माझ्याकडे ये." ठरवलं, असं कुणी म्हटलं नाही, पण ते तसं ठरलं.

मग आम्ही माझं सबस्क्रिप्शन बंद केलं. बटण दाबल्यावर स्टोअर कारण विचारत होतं. दादाने पर्याय मोठ्याने वाचले. "वापरत नाही. महाग आहे. दुसरं चांगलं मिळालं." त्याने मला न विचारता तिसऱ्यावर बोट ठेवलं. पडद्यावर आलं की सबस्क्रिप्शन रद्द झालं, पण पैसे भरलेला महिना संपेपर्यंत वापरता येईल. दत्तजयंती त्याच्या आतच होती.

"म्हणजे तोवर तुला नवव्याचा दहावा करायला वेळ आहे," तो म्हणाला.

"तुझंही बंद करू या का? साइटवर, मंडळाच्या मेलने आत जाऊन."

"नको. ते वर्षाचं आहे, एप्रिलपर्यंत असंही चालणारच. आणि मला त्या बाईकडून एक तरी हिरवी रेघ घेतल्याशिवाय तिला सोडायचं नाही."

उतरताना वहिनींनी डबा परत दिला, सुके बोंबील भरून. म्हणाल्या, "बायलेक सांग, हंय येऊक पुढच्या पावतीची वाट बघूक नको."

दत्तजयंतीला पटांगणात आम्ही पुढे दोघे बसलो. टाळ पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाकडे होता. गजर त्या जागेपर्यंत आला, दादा खाली धरून थांबला आणि त्याने माझ्याकडे वळून बघितलं. भजन चालू असताना तसं वळून बघणारे वडील आठवले, पण तेवढ्यापुरतेच. मी वर गेलो. थांबलो. परत आलो तेव्हा दादा बरोबर तिथेच होता.

आरती होऊन सुंठवडा वाटायला लागले तेव्हा मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने मूठभर माझ्या हातावर ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाला, "शेवटी जरा लाल गेलास."